तोंड फिरवणारा, बोट उभारणारा

होळीच्या दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर आत्याने एक चित्र पाठवलं. चित्रात चार चौकोन होते. डावीकडे एकाखाली एक असे एकाच माणसाचे दोन फोटो, नारिंगी रंगाचं फुगीर जाकीट घातलेल्या, दाढी कोरलेल्या तरुणाचे. वरच्या फोटोत त्याने मान फिरवली होती आणि तळहात चेहऱ्यापुढे आड धरला होता. खालच्या फोटोत तोच माणूस हसऱ्या चेहऱ्याने वळून तर्जनी उभारत होता. उजवीकडच्या दोन पांढऱ्या चौकोनांत फक्त चार शब्द होते. वर ‘पोळीवर तूप’ आणि खाली ‘तुपात पोळी’.

गटात सत्तरीचे काका आहेत आणि नववीतली भाची आहे. तो तरुण कोण, हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तरीही चित्र सगळ्यांना क्षणात कळलं. पुरणपोळीवर तुपाची धार सोडणं आत्याला पुरेसं वाटत नाही, पोळीचा तुकडा तुपाच्या वाटीत बुडला पाहिजे, एवढं तिने सांगितलं. कारण दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

कारण न देता आवड सांगता येणं हेच या चौकटीचं खरं काम आहे. ते कसं साधतं, केव्हा फसतं आणि आपल्या लिपीत करताना काय सांभाळावं लागतं, ते या प्रकरणात पाहू.

नाचातले दोन क्षण

चित्रातला तरुण म्हणजे ड्रेक, कॅनडातल्या टोरांटो शहराचा रॅप गायक. 2015 सालच्या जुलैअखेर त्याचं ‘हॉटलाइन ब्लिंग’ हे गाणं आलं आणि त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला त्याचा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. दिग्दर्शन डायरेक्टर एक्स या नावाने काम करणाऱ्या दिग्दर्शकाचं होतं आणि नृत्याची आखणी तनिशा स्कॉट यांची. जुनी प्रेयसी आता पूर्वीसारखा फोन करत नाही, अशी गाण्याची तक्रार आहे. व्हिडिओत ड्रेक एकटाच बराच वेळ खांदे, हात आणि मान हलवत नाचतो.

नाचाची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे खुर्ची नाही, झाड नाही, रस्ता नाही. रंगीत उजेडाने भरलेल्या मोकळ्या खोल्या आहेत आणि रंग बदलत राहतात. प्रकाशालाच शिल्पाचं साहित्य मानणारे अमेरिकन कलावंत जेम्स टरेल यांच्या कामाची ती आठवण करून देते. साम्य इतकं होतं की, या व्हिडिओत माझा सहभाग नाही, असं निवेदन टरेल यांनी काढलं आणि कौतुकाबद्दल आनंदही कळवला. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की या रिकाम्या खोल्यांमुळे व्हिडिओतला कुठलाही क्षण थांबवला तरी माणसामागे काही उरत नाही. एक सपाट रंग, त्यावर दुसऱ्या रंगाचं जाकीट आणि एक हावभाव, एवढंच दिसतं. फोनच्या पडद्यावर डाकतिकिटाएवढं केलं तरी ते चित्र वाचता येतं.

व्हिडिओ आल्यावर पहिल्या काही दिवसांत लोकांनी वेगळाच खेळ केला. त्या नाचाला दुसरी गाणी लावली, त्याच्या हातात टेनिसची रॅकेट दिली. हलती चित्रं फार फिरली आणि लवकरच ओसरली, कारण नाचाची गंमत एकदा पाहून संपते. मागे राहिले ते नाचातून वेगळे काढलेले दोन स्थिर क्षण. ते एकाखाली एक ठेवले आणि शेजारी लिहायला जागा सोडली, एवढाच बदल होता, आणि त्यातून एक रिकामा साचा तयार झाला. त्याचा एक कर्ता दाखवता येत नाही. 2016 पासून तो जगभर वापरला जाऊ लागला.

नाचताना ड्रेक कशालाही नकार देत नव्हता आणि काही पसंतही करत नव्हता. हात वर जाणं, मान वळणं, बोट उभं राहणं या तालावरच्या हालचाली होत्या. दोन्ही फोटो एकत्र आल्यावरच एकाला ‘नको’ आणि दुसऱ्याला ‘हवं’ असा अर्थ आला. चित्रपटाच्या संकलनात हा गुण फार पूर्वीपासून माहीत आहे. 1920च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच तुकडा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. अर्थ शेजाराने दिला होता. इथेही तसंच घडतं. वरचा फोटो एकटा दाखवला तर उजेड डोळ्यांवर येतोय म्हणून हात धरलाय असं वाटू शकेल. खालचा फोटो जोडला की संशय राहत नाही.

नकाराला शरीर असतं

शेजार कितीही महत्त्वाचा असला, तरी कुठलेही दोन फोटो चालले नसते. हे दोन हावभाव चालतात, कारण ते आपण बोलायला शिकण्याआधीपासून वापरत आलो आहोत.

तान्ह्या मुलाला चमच्याने पेज भरवताना हे दिसतं. पोट भरलं की मूल ‘नको’ म्हणत नाही, कारण शब्द अजून आलेले नसतात. ते मान बाजूला करतं. चमचा त्या बाजूला नेला, तर ते दुसऱ्या बाजूला वळतं. पुढे हातही मध्ये येतो. हवं असेल तेव्हा मात्र मूल डोकं पुढे आणतं. चार्ल्स डार्विनने 1872 साली भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिलेल्या पुस्तकात हेच निरीक्षण नोंदवलं आहे. लहान मुलाचा पहिला नकार म्हणजे अन्नापासून डोकं बाजूला नेणं आणि पहिला स्वीकार म्हणजे डोकं पुढे झुकवणं, असं त्याने म्हटलं. मान हलवून ‘नाही’ म्हणण्याची आपली सवय यातूनच आली असावी, असा त्याचा तर्क होता.

मराठीने ही गोष्ट वाक्प्रचारांच्या रूपात जपून ठेवली आहे. आपण एखाद्या गोष्टीकडे पाठ फिरवतो, तिच्यापासून तोंड फिरवतो, तिला पाहून नाक मुरडतो. हे सगळे नकार शरीराचे आहेत आणि बहुतेक वळण्याचे आहेत. म्हणून हे चित्र मराठी माणसाला समजावून द्यावं लागत नाही.

यातली एक बारीक गोष्ट सहज सुटते. मान डोलावण्याचा अर्थ सगळीकडे एक नसतो. बल्गेरियात होकार आणि नकार आपल्या उलट दिशांनी हलवतात. आपल्याकडची ती दोन्ही बाजूंना डुलणारी मान पाहून परदेशी पाहुणा गोंधळतो. ड्रेकच्या फोटोंत मानेची हालचाल दिसतच नाही, कारण फोटो स्थिर आहे. दिसतं ते वळलेलं तोंड, आड आलेला तळहात, मग समोर आलेला चेहरा आणि हसू. दूर जाणं आणि जवळ येणं यांचा अर्थ देशागणिक उलटत नाही. साचा जगभर पोचला, त्याचं एक कारण हे आहे.

दिशाही नेमकी जुळून आली आहे. वरच्या फोटोत तळहात मजकुराच्या बाजूला आहे आणि तोंड मजकुरापासून लांब. त्यामुळे तो शब्दांनाच अडवतोय असं दिसतं. खालच्या फोटोत चेहरा शब्दांकडे आहे. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, तेव्हा क्रम असा लागतो: आधी नाराज चेहरा, मग नको असलेली वस्तू, मग खुललेला चेहरा, आणि सगळ्यात शेवटी हवी असलेली वस्तू. शेवटचा शब्द वाचेपर्यंत उत्सुकता टिकते. फोटो डाव्या-उजव्या बाजूने उलटवून छापला, तर तळहात शब्दांना अडवत नाही; मजकूर डावीकडे नेला, तर शब्द आधी वाचले जातात आणि ही उत्सुकता जाते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत साचा तसाच ठेवला तर हाच प्रश्न येतो.

मोठा प्रश्न, छोटा प्रश्न

‘हे नको, ते हवं’ असं दोन चित्रांतून सांगण्याची रीत जुनी आहे. 1751 साली लंडनमध्ये विल्यम होगार्थने दोन खोदचित्रांची जोडी प्रसिद्ध केली, ‘बीअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’. जिनच्या गल्लीत दारूने बेभान झालेल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय, घरं ढासळतायत, माणसं उपाशी आहेत. बीअरच्या रस्त्यावर लोक धष्टपुष्ट आहेत आणि कामधंदा चालू आहे. स्वस्त जिनच्या विक्रीवर बंधनं आणणाऱ्या कायद्याला पाठिंबा द्यावा, यासाठी ती चित्रं काढली होती.

होगार्थला चित्र तपशिलांनी भरावं लागलं, कारण त्याला पटवून द्यायचं होतं. जिन का वाईट, याचे पुरावे त्याच्या गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यात आहेत. ड्रेकच्या साच्यात पुराव्याला जागाच नाही. निम्मी जागा चेहऱ्याने घेतली आहे. उरलेल्या दोन चौकोनांत पाच-सहा शब्द मावतात. त्यामुळे इथे मोठा वाद मांडायला गेलं की तो फसतो. एखाद्याने वर ‘भ्रष्टाचार’ आणि खाली ‘प्रामाणिकपणा’ लिहिलं, तर वाचणारा मान डोलावून पुढे जातो. त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण उत्तर चेहऱ्याआधीच ठरलेलं आहे.

आवडीनिवडीचं तसं नसतं. पोह्यात बटाटा हवा की नको, पंखा दोनवर की तीनवर, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचायचं की शेवटच्या, यांना पुराव्याने सिद्ध करता येईल असं उत्तर नाही. बोलताना अशी आवड सांगितली की समोरचा ‘का?’ विचारतो आणि आपण अडखळतो. मग बचावासाठी कारणं शोधतो आणि ती खोटी वाटू लागतात. या साच्यात ‘का’ला उत्तर द्यायची वेळ येत नाही. निकाल चेहऱ्याने दिलेला असतो. शब्दांना फक्त दोन गोष्टींची नावं घ्यायची असतात.

यावरून एक परीक्षा करता येते. तयार चित्रातले दोन्ही चेहरे अंगठ्याने झाका आणि फक्त दोन ओळी वाचा. कुठली पसंत आणि कुठली नापसंत, हे चेहऱ्यांशिवाय ठामपणे सांगता आलं, तर चेहऱ्यांना काही काम उरलेलं नाही आणि चित्र सपक झालं आहे. सांगता आलं नाही, किंवा अंदाज उलटा निघाला, तर चित्र जमलं आहे. ‘भ्रष्टाचार’ आणि ‘प्रामाणिकपणा’ या परीक्षेत नापास होतात. ‘पोळीवर तूप’ आणि ‘तुपात पोळी’ पास होतात. डॉक्टरांनी त्या ओळी वाचल्या, तर ते पहिलीवर बोट ठेवतील.

चार शब्दांपर्यंतचा प्रवास

आत्याला मी नंतर विचारलं, तेव्हा कळलं की ते चार शब्द पहिल्या फटक्यात आले नव्हते. तिने दोनदा लिहून खोडलं होतं. तिचा प्रवास क्रमाने पाहिला, की साच्याचे नियम आपोआप दिसतात.

पहिल्यांदा तिने वर लिहिलं होतं, ‘पुरणपोळीवर नुसतं चमचाभर तूप घातलं तर ती कोरडी लागते’, आणि खाली, ‘पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खाल्ली की जिभेवर विरघळते’. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ‘कोरडी लागते’ म्हटल्यावर नापसंती शब्दांतच आली आणि ‘विरघळते’ म्हटल्यावर पसंतीही. चेहरे तेच पुन्हा सांगत राहिले. शिवाय एवढी लांब ओळ बसवायला अक्षरं बारीक करावी लागली. या साच्याची नेहमीची प्रत 1200 बाय 1200 ठिपक्यांची चौरस असते, म्हणजे मजकुराचा प्रत्येक चौकोन सुमारे 600 बाय 600. फोनवर तो जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद दिसतो. काकांना ती ओळ चष्मा काढून, फोन जवळ धरून वाचावी लागली असती.

दुसऱ्यांदा तिने कारणं काढून टाकली. वर ‘पुरणपोळीवर चमचाभर तूप’, खाली ‘वाटीभर तुपात बुडवलेली पुरणपोळी’. हे बरंच सुधारलं. आता नापसंती फक्त चेहऱ्यात होती. पण दोन ओळींचा घाट वेगळा होता. पहिलीत पोळी आधी आणि तूप शेवटी, दुसरीत तूप आधी, पोळी शेवटी आणि मध्ये एक क्रियेचा शब्द. वाचणाऱ्याला फरक नेमका कुठे आहे ते शोधावं लागत होतं. चमचा आणि वाटी यांतला फरक आहे की वर घालणं आणि बुडवणं यांतला? एका वेळी दोन फरक आले की डोळा थबकतो.

तिसऱ्यांदा तिने ‘पुरण’, ‘चमचाभर’, ‘वाटीभर’ आणि ‘बुडवलेली’ हे चारही शब्द काढले. होळीच्या दिवशी पोळी म्हटलं की कुठली, हे सांगावं लागत नाही. उरलं ‘पोळीवर तूप’ आणि ‘तुपात पोळी’. दोन्ही ओळींत तेच दोन शब्द आहेत. जागा बदलली आणि प्रत्यय बदलला. एकीकडे ‘वर’, दुसरीकडे ‘त’. सगळी आवड एवढ्याशा ‘त’मध्ये येऊन बसली. मराठीत नातं शब्दाच्या शेपटीला चिकटतं, म्हणून वेगळा शब्द न वापरता हे साधलं. पोळी तुपाच्या आत गेली, हे दुसरी ओळ वाचताना डोळ्यांपुढे दिसतं, आणि चमचा आणि वाटी मनातच मोजली जातात.

चांगल्या चित्रात दोन ओळी एकाच जातीच्या असतात आणि त्यांत एकाच ठिकाणी फरक असतो. वर वस्तू असेल तर खाली वस्तू, वर कृती असेल तर खाली कृती. वर ‘सकाळी सहाचा गजर’ असेल, तर खाली ‘सहाला दहा कमी असल्यापासून दर दोन मिनिटांनी एक असे सहा गजर’ चालतं, कारण दोन्ही गजरच आहेत. खाली ‘आईची हाक’ही चालते, कारण दोन्ही उठवण्याचे उपाय आहेत. पण खाली ‘शिस्त’ लिहिली, तर जात बदलते आणि चित्र कोसळतं.

गजराच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. सहा गजर लावणं शहाणपणाचं नाही, हे सगळ्यांना कळतं, आणि तरी तो माणूस त्याच्याकडे बोट उभारतो. शहाणी गोष्ट वर आणि आपण खरोखर करतो ती गोष्ट खाली, असा हा प्रकार छोट्या आवडींत फार दिसतो. भाजी काचेच्या डब्यात झाकून ठेवायची सोडून ती कढईतच ठेवून कढईवर ताट टाकणं, धुतलेले कपडे घडी करून कपाटात न ठेवता खुर्चीवर रचणं. आपण सगळे करतो पण मोठ्याने सांगत नाही, अशा सवयी या साच्यात मोकळ्या होतात. आणि वाचणारा ‘मीसुद्धा!’ म्हणतो.

देवनागरी बसवताना

साचा इंग्रजी मजकुरासाठी तयार झाला असला, तरी देवनागरीला तो सोयीचा आहे. जुन्या मीममध्ये फोटोवरच मजकूर लिहायची रीत होती. त्यासाठी इम्पॅक्ट नावाचा जाड टाइप वापरत आणि पांढऱ्या अक्षरांना काळी कड देत. त्या टाइपात देवनागरी अक्षरं नाहीत. फोन किंवा संगणक त्यांच्या जागी दुसरा टाइप आणतो, आणि मग काळी कड मात्रा आणि अनुस्वार गिळून टाकते. ड्रेकच्या साच्यात मजकूर कोऱ्या पांढऱ्या चौकोनात येतो, म्हणून कडेची गरजच पडत नाही. साधी काळी अक्षरं पुरतात.

एक खरी अडचण उरते. चित्रांत मजकूर घालणारी काही सॉफ्टवेअर देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाहीत. ती टाइप केलेला प्रत्येक तुकडा आला त्या क्रमाने मांडतात. हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. ‘किती’ लिहिलं तर पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येते. ‘स्वयंपाक’ लिहिलं तर ‘स’ आणि ‘व’ जोडले जात नाहीत, ‘स’चा पाय मोडलेला दिसतो आणि पुढे पूर्ण ‘व’ उभा राहतो. असं दिसलं की टाइप बदलून फारसा उपयोग होत नाही, कारण दोष जुळवणीत असतो. मजकूर फोनच्या नोंदवहीत किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचं पडद्यावरचं चित्र घ्यावं आणि ते चौकोनात चिकटवावं, हा सोपा मार्ग.

दोन ओळींमध्ये जागाही इंग्रजीपेक्षा जास्त सोडावी लागते. वरच्या ओळीचे उकार खाली उतरतात आणि खालच्या ओळीच्या मात्रा वर चढतात. मधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आधीच छोटं झालेलं चित्र पुढे पाठवताना पुन्हा दाबलं जातं आणि अक्षरांच्या कडांना करडा धुरळा येतो. चार-पाच हातांतून गेलेल्या चित्रात ‘तुपात’चा उकार ओळखू येईनासा होतो. म्हणून थोडे शब्द आणि मोठी अक्षरं हा नियम देवनागरीत दुप्पट पाळावा.

आवड कुठे थांबते

या साच्याचा एक धोका त्याच्या ताकदीतूनच येतो. तळहात आड धरून तोंड फिरवणं हा मोठा हावभाव आहे. तो पोळीवरच्या तुपाला केला, तर हावभाव आणि वस्तू यांच्या आकारातलं अंतर आपल्याला हसवतं. पण वरच्या चौकोनात वस्तूऐवजी माणसं आली, की तोच हावभाव खरा होतो. ‘पोळीवर तूप’च्या जागी ‘अमक्या गावची माणसं’ लिहिलं, तर तळहात त्या माणसांच्या तोंडासमोर येतो.

जवळच्या समाजांमध्ये लहान फरकांवरूनच कटुता वाढते, असं सिग्मंड फ्रॉइडने लिहिलं होतं. त्याला त्याने लहान फरकांची आत्मरती म्हटलं. 1930 सालच्या आपल्या पुस्तकात त्याने स्पॅनिश आणि पोर्तुगीज, उत्तर जर्मन आणि दक्षिण जर्मन, इंग्रज आणि स्कॉट यांची उदाहरणं दिली आहेत. आपल्याला आपली उदाहरणं आठवतील. आमटीतल्या गुळावरून सुरू झालेली चर्चा एखाद्या जिल्ह्याच्या स्वभावावर जाऊन थांबते, हे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. म्हणून चित्र पाठवण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी: वरच्या चौकोनातली गोष्ट ज्याला आवडते, तो माणूस हे चित्र पाहून त्याच साच्यात उत्तर देऊ शकेल का? आवडीला उत्तर देता येतं. अपमानाला ते देता येत नाही.

आत्याच्या चित्राला उत्तरं आली. अर्ध्या तासात तिच्या मुलाने, माझ्या आतेभावाने, त्याच दोन ओळी उलट करून पाठवल्या. वर ‘तुपात पोळी’, खाली ‘पोळीवर तूप’. शब्द तेच, पण आता त्यातून आईच्या तब्येतीची काळजी ऐकू येत होती. कोल्हापूरला दिलेल्या चुलतबहिणीने वर ‘तुपात पोळी’ ठेवली आणि खाली लिहिलं ‘गुळवणीत पोळी’. तिच्या सासरी पुरणपोळीबरोबर गुळाचं पातळ गुळवणी लागतंच. मग ज्यांनी आधी चित्राकडे नुसतं पाहिलं होतं, त्या काकांनी भाचीकडून करून घेतलेलं चित्र आलं. वर ‘गुळवणीत पोळी’, खाली ‘दुधात पोळी’. एकाने पसंत केलेली गोष्ट दुसऱ्याच्या चित्रात वर चढत होती आणि खालची जागा नव्या वाटीला मिळत होती.

संध्याकाळी मी ती चारही चित्रं एकामागून एक पाहिली. नारिंगी जाकिटातल्या त्याच माणसाने तुपाची वाटी एकदा जवळ केली होती आणि दोनदा दूर सारली होती. गुळवणी एकदा हवं म्हटलं होतं, एकदा नको. त्याला नेमकं काय आवडतं, हे गटात कुणीच विचारलं नव्हतं. पहिल्या चित्रातलं उभारलेलं बोट आत्याचं होतं, दुसऱ्यातला आड धरलेला तळहात तिच्या मुलाचा, आणि शेवटच्या चित्रात दुधाकडे वळलेला हसरा चेहरा आमच्या काकांचा.